रिकाम्या जागा भरा: ‘आली’ नक्की कोण आली? (विट्यातल्या सुट्टीच्या क्लासच्या नोंदी)

28 एप्रिल

आजपासून लिहून ठेवते, नाहीतर पुढच्या सुट्टीत परत पहिल्यापासून सुरू करावं लागेल. खानापूर-आटपाडी भागातली गलाईवाल्यांची घरं देशभर पसरलेली आहेत, सोनं-चांदी गाळायचं काम, आणि पोरं तिकडंच वाढतात. सुट्टीत आजोळी विट्याला येतात. काकांच्या माडीवर यंदा 11 पोरं जमली: दोघं बहीण-भाऊ कोइमतूरचे, एक मुलगी त्रिशूरची, बाकीची बनारस-कानपूरकडची. सगळ्यांना मराठी कळतं, घरी आई-वडील मराठीच बोलतात, पण बोलायला लागली की क्रियापदाची शेपूट घसरते. ‘बस आलं’, ‘पाणी आला’, ‘मुली गेली’. पोटात मराठी आहे पण टोकाला डगमगते, तर यंदा फक्त तेवढंच घ्यायचं ठरवलं: भूतकाळ, आणि कर्त्याप्रमाणे बदलणारं लिंग-वचन. रिकाम्या जागांची एक शीट, 36 वाक्यं, झेरॉक्स मारून ठेवल्यात.

30 एप्रिल

पहिली टेस्ट झाली. निकाल बघून पोरांपेक्षा शीटचीच जास्त काळजी वाटली. काही वाक्यांत दोन-दोन उत्तरं बरोबर येतात. ‘मी काल बाजारात ____ (जाणे)’ हे वाक्य मुलाने ‘गेलो’ लिहिलं तर बरोबर, मुलीने ‘गेले’ लिहिलं तर बरोबर, मग मी तपासणार काय? ‘ते उशिरा ____ (येणे)’ हे तर त्याहून वाईट. ‘ते’ म्हणजे बरेच पुरुष असतील तर ‘आले’, आदराने एकच माणूस असेल तरी ‘आले’, आणि ‘ते’ म्हणजे ते वासरू असेल तर बोलण्यात ‘आलं’. पोराने काहीही लिहिलं तरी त्याला खोटं म्हणता येत नाही, आणि अशा वाक्यातून पोराला काय येतं ते कळतही नाही.

‘ती’चं पण तेच. ‘ती आली’ ही एक बाई असू शकते आणि ‘ती’ म्हणजे ती पाखरं, ती वासरं, ती पोरं पण असू शकतात. नपुंसकलिंगी अनेकवचन आणि स्त्रीलिंगी एकवचन लिहायला हुबेहूब सारखं. तेव्हा नियम पहिला: रिकाम्या जागेच्या आधी नुसतं ‘ते’ किंवा ‘ती’ ठेवायचं नाही, नाम पाहिजेच.

1 मे

सुट्टी. क्लास नाही.

3 मे

आज शीट घेऊन बसले तर अजून एक मोठी चूक सापडली, आणि ही माझीच. 36 मधली 9 वाक्यं मुळात कर्त्याची नाहीतच! ‘आईने भाकरी ____ (करणे)’. कोइमतूरच्या मुलाने ‘केली’ लिहिलं, मी बरोबर दिलं, सहज विचारलं का रे केली, तर म्हणाला ‘आई लेडीज म्हणून’. उत्तर बरोबर पण कारण चुकीचं. पुढचंच वाक्य ‘बाबांनी भाकरी ____’ आणि तिथं त्याने ‘केले’ लिहिलेलं, कारण बाबांना आपण ‘आले, गेले’ म्हणतो ना. त्याच्या डोक्याने तो अगदी सरळ चाललेला, वाक्यंच त्याला फसवत होती.

कर्त्याला ‘ने’ किंवा ‘नी’ लागला की क्रियापद कर्त्याकडे बघतच नाही, ते भाकरीकडे बघतं. भाकरी केली, चहा केला, पिठलं केलं, कोण करतंय त्याने काही फरक पडत नाही. ते सगळं वेगळ्या शीटचं काम आहे, एकाच कागदावर दोन्ही घातलं तर पोर अंदाजाने लिहायला लागतं.

ओळखायची एक सोपी पद्धत आता मी प्रत्येक वाक्याला लावते. कर्ता बदलून बघायचा. ‘दादा आला’, ‘ताई आली’: बदललं, म्हणजे वाक्य आपल्या कामाचं. ‘दादाने भाकरी केली’, ‘ताईने भाकरी केली’: काहीच बदललं नाही, म्हणजे काढून टाकायचं. ‘मला आंबा आवडला’ पण यातच जातं, ‘ताईला आंबा आवडला’ म्हटलं तरी ‘आवडला’च राहतो.

यात एक छान गोष्ट मिळाली. विसरणे, शिकणे, भेटणे ही क्रियापदं कर्म असलं तरी ‘ने’ घेत नाहीत. ‘दादा छत्री विसरला’, ‘ताई डबा विसरली’. छत्री स्त्रीलिंगी आणि विसरला पुल्लिंगी, डबा पुल्लिंगी आणि विसरली स्त्रीलिंगी. पोर खरंच कर्त्याकडे बघतंय का शेजारच्या शब्दाकडे, हे इथं लगेच उघडं पडतं. ही दोन वाक्यं ठेवणारच.

5 मे

चुका एका वहीत उतरवून काढल्या, कुणी कुठली केली ते धरून, आणि बघता बघता त्या गावाप्रमाणे वेगळ्या झाल्या.

कोइमतूरची दोघं ‘बस आलं’, ‘गाय आलं’, ‘पाऊस आलं’ म्हणतात, पण ‘दादा आला’, ‘ताई आली’ इथं एकदाही चुकत नाहीत. थोरलीला विचारलं तर तिने तमिळमध्ये म्हणून दाखवलं: तो आला तर ‘वंदान’, ती आली तर ‘वंदाळ’, आणि बस असो गाय असो पाऊस असो, ‘वंददु’. म्हणजे तिकडं माणसाला स्त्री-पुरुष आहे, बाकी सगळं एका खात्यात. ती दोघं ते खातं उचलून आपल्या ‘आलं’मध्ये आणून टाकतात. त्यांना हे सांगावं लागतं की मराठीत बसला पण लिंग आहे आणि ट्रकला वेगळं आहे.

त्रिशूरची मुलगी सगळ्यांनाच ‘आला’ म्हणते, आजी पण आला. मल्याळममध्ये तो-ती-ते सगळ्यांना एकच ‘वन्नु’, क्रियापद कुणासाठीच बदलत नाही, तर तिला शेपूट बदलायची असते हीच गोष्ट नवीन आहे. ती चुकत नाही खरं तर, तिला अजून तिकडं बघायचंच माहीत नाही.

हिंदीकडच्या पोरांना बदलायची सवय आहे, पण नपुंसकलिंग नाही. म्हणून ‘पाणी आला’, ‘दूध सांडला’, आणि ‘पुस्तक हरवली’, कारण हिंदीत पुस्तक बाई आहे. आणि ‘मुली आली’, हे मला आधी कळेचना. मग लक्षात आलं, हिंदीत ‘लड़की आई’ आणि ‘लड़कियाँ आईं’, फरक फक्त नाकातल्या आवाजाचा. तो आवाज मराठीत आणता येत नाही म्हणून ‘आली’वरच थांबतात, ‘आल्या’पर्यंत पोचत नाहीत.

तीन तऱ्हेची पोरं आणि शीट एकच. पण कुणाला कुठली वाक्यं जास्त द्यायची ते आता कळलं.

7 मे

‘ने’वाली काढल्यावर 27 वाक्यं उरली. ती सहा खणांत टाकून मोजली. पुल्लिंगी एकवचन 11, स्त्रीलिंगी एकवचन 8, नपुंसक एकवचन 3, पुल्लिंगी अनेकवचन 3, स्त्रीलिंगी अनेकवचन 1, नपुंसक अनेकवचन 1. लिहिताना वाटत होतं सगळं घेतलंय, पण आपोआप हात ‘दादा आला, ताई आली’कडेच जातो. जिथं पोरं सगळ्यात जास्त अडतात तिथं एकेकच वाक्य. ते एक होतं ‘मुलं शाळेतून ____’, आणि 11 जणांतल्या 8 जणांनी ‘आले’ लिहिलेलं.

हे ‘मुलं आले’ विदर्भ-मराठवाड्याकडं सर्रास बोलतात, त्याला चूक म्हणायची माझी तयारी नाही. पण आपल्याकडं घरोघरी ‘पोरं आली’, ‘वासरं सुटली’, ‘पाखरं उडाली’ असंच कानावर पडतं आणि पुस्तकात पण तेच आहे, तर या पोरांनी आजीशी बोलायचं असेल तर हेच पाहिजे.

नवीन शीट 24 वाक्यांची, प्रत्येक खणात चार. ठरलं.

10 मे

आज जे सापडलं त्यासाठी हा सगळा खटाटोप वसूल झाला असं वाटतंय.

पोरांना नामाचं लिंग कसं सांगायचं हा प्रश्न होता. ‘तो-ती-ते लावून बघा’ हे पुस्तकातलं, पण अनेकवचनात ते-त्या-ती होतं आणि परत ‘ती’चा घोळ. कोइमतूरची थोरली घरात ‘माझं पुस्तक, माझी बॅग, माझा डबा’ अगदी बरोबर बोलते. तिच्या आईने लहानपणापासून माझं-तुझं करून भांडणं सोडवली असणार, ते पक्कं बसलंय. म्हणून म्हटलं, आधी ‘माझा’ लावून बघ आणि जी शेपूट ‘माझ’ला लागते तीच क्रियापदाला लाव.

माझा भाऊ आला. माझी बहीण आली. माझं वासरू आलं. माझे भाऊ आले. माझ्या बहिणी आल्या. माझी वासरं आली.

सहाच्या सहा जुळतात! आणि नुसतं योगायोगाने नाही. हे ‘ल’वालं रूप मुळात विशेषणासारखं, ‘पिकलेला आंबा’, ‘पिकलेली चिंच’ यातला ‘ल’ आणि ‘आंबा पिकला’, ‘चिंच पिकली’ यातला ‘ल’ सख्खे भाऊ आहेत. म्हणून विशेषणाच्या शेपटा लागतात. वर्तमानकाळात ‘येतो-येते’ होतं, तिथं ही युक्ती चालत नाही, भूतकाळातच चालते.

आदर पण यातून सुटतो, ते मला अपेक्षित नव्हतं. माझी आई आली, पण माझे बाबा आले. माझ्या बाई आल्या. आई एकवचनी आणि बाई अनेकवचनी का, हे पोरांना समजावणं मला जमलं नसतं, पण ‘माझ्या बाई’ म्हटलं की तोंडातून ‘आल्या’च निघतं.

कुठं चालत नाही तेही लिहून ठेवते. मी, तू, आम्ही, तुम्ही यांना ‘माझा’ लागत नाही, त्यांच्या शेपटा वेगळ्या पाठ करायच्या: आलास, आलीस, आलात. आणि वहीत ‘माझे वासरू आले’ लिहायची शाळेची पद्धत असेल तर नपुंसक एकवचन आणि पुल्लिंगी अनेकवचन परत एकसारखं दिसायला लागतं. म्हणून शीटवर बोलतो तसंच, अनुस्वार देऊन, ‘आलं, पडलं’ छापायचं, आणि कुणी ‘आले’ लिहिलं तर बरोबर धरायचं.

11 मे

छोटी गोष्ट पण महत्त्वाची. ‘(जाणे)’ असं कंसात दिलं की पोरं दोन कामं एकदम करतात: जा-चं गे करायचं, आणि मग शेपूट. कानपूरच्या छोट्याने ‘जाली’ लिहिलं आणि दुसऱ्याने ‘होला’. शेपूट बरोबर होती, धड चुकलं, आणि मी काट मारली, तर त्याला वाटलं शेपूटच चुकली. आता धड मी छापून देते. आधी ‘गेल’ छापून बघितलं, म्हणजे पोराने नुसती काना-मात्रा द्यायची, पण ‘गेल्या’ला अर्धा ल लागतो, तिथं सगळी अडकली. म्हणून ‘गे___’, ‘आ___’, ‘झा___’, ‘बुडा___’, ‘उडा___’ असं छापायचं आणि पोरांनी ला, ली, लं, ले, ल्या यातलं काय ते पूर्ण लिहायचं. गे, झा, मे, उडा हे धडाचं पाठांतर वेगळ्या दिवशी.

14 मे

आजोबांच्या ट्रंकेत त्यांच्या शाळेचं जुनं वाचनाचं पुस्तक सापडलं, पानं पिवळी, शिवण सुटलेली. चाळत बसले आणि एका ओळीवर थांबले. ‘मुलें घरीं गेलीं’. मुलें वर अनुस्वार, गेलीं वर पण अनुस्वार. आणि दोन ओळी खाली ‘मुलगी गेली’, तिथं अनुस्वार नाही.

म्हणजे जो घोळ मी दोन आठवडे निस्तरतेय तो तेव्हा कागदावर नव्हताच. ‘गेली’ म्हणजे एक मुलगी, ‘गेलीं’ म्हणजे अनेक मुलें. ‘झाड पडलें’ नपुंसक, ‘आंबे पडले’ पुल्लिंगी अनेकवचन. ‘मी गेलें’ बाईने म्हणायचं. 1962 च्या लेखननियमांत हे उच्चारात न येणारे अनुस्वार गेले. काढले ते बरोबरच, बोलताना कुणी ते म्हणत नव्हतं, पोरांना उगाच घोकावं लागत होतं. पण नपुंसकलिंगाची खूण लपली कुठं ते मात्र यातून कळतं. ‘आलं’वर आपण आज जो अनुस्वार देतो तो त्याच घरातला आहे.

उद्या पोरांना ते पान दाखवणार. हिंदीकडची पोरं ‘आईं’ लिहितात, त्यांना ‘आलीं’ लगेच ओळखीचं वाटेल, फक्त सांगावं लागेल की तुमचं स्त्रीलिंगी अनेकवचन आणि आमचं हे नपुंसक.

16 मे

‘मी’ची वाक्यं वेगळ्या कागदावर काढली आणि बोलणारं माणूस आधीच सांगून टाकलं. ‘ताई म्हणाली, “मी आत्ताच आ___.”’ आता उत्तर एकच, ‘आले’.

पण इथं राहणाऱ्या दोन मुली पण आज बसल्या होत्या, शेजारच्या, त्यांनी दोघींनी ‘आलो’ लिहिलं. साहजिक आहे. आपल्या सांगली-सातारा-कोल्हापूर पट्ट्यात बायका ‘मी आलो’, ‘मी जेवलो’ म्हणतात, माझी आई म्हणते, मी घरात तेच बोलते, लिहिताना फक्त ‘आले’ लिहिते. तसंच ‘कवा आलासा?’ हे ‘आलात’च्या जागी. त्या मुलींना काट मारायला हात धजला नाही. शेजारी लिहिलं, ‘घरी आलो, पेपरात आले’. आणि त्रिशूरच्या मुलीला ते वाक्य समजावून सांगितलं, कारण तिच्या कानावर दिवसभर मामीचं ‘आलो’च पडतंय, तिला वाटायला नको की मामी चुकते.

18 मे

वाक्यं गाळायचं काम. ‘मांजर पळा___’ काढलं, कारण मांजर कुणी ‘ती मांजर’ म्हणतं, कुणी ‘ते’. ‘पांढरं मांजर पळा___’ केलं, आता ‘पांढरं’ सांगतंय. ‘पेन हरव___’ पण काढलं. ‘नवरा-बायको आ___’, ‘राजू आणि त्याची बहीण आ___’ अशी जोडीची वाक्यं सगळी काढली, तिथं ‘आले’ पण ऐकू येतं आणि ‘आली’ पण, पोरांनी का भांडायचं.

‘वेळ’ मात्र ठेवला, दोन्ही वाक्यं एकाखाली एक: ‘वाट बघण्यात सगळा वेळ गे___’ आणि ‘निघायची वेळ झा___’. कालावधी असला तर पुल्लिंगी, ठरलेला क्षण असला तर स्त्रीलिंगी. ‘सगळा’ आणि ‘निघायची’ हे शब्द आधीच उत्तर सांगतात, मुद्दाम तसं ठेवलं, पोराने मागं वळून बघायला शिकावं म्हणून.

बाकी वाक्यं पोरांच्या घरातलीच घेतली. मूस तापली. चांदी वितळली. सोनं वितळलं. मुशी फुटल्या. कॅनॉलला टेंभूचं पाणी आलं. टँकर आला, टँकर आले. द्राक्षं गोड निघाली. बेदाणे वाळले. मूस म्हटल्यावर कोइमतूरच्या मुलाचे डोळे चमकले, वडिलांच्या दुकानातला शब्द शीटवर बघून.

21 मे

दुसरी टेस्ट. 24 वाक्यं, सहा खण. कोइमतूरच्या दोघांनी ‘बस आली, ट्रक आला, वासरू आलं’ तिन्ही बरोबर केलं, लिहिताना ओठ हलत होते, ‘माझी बस, माझा ट्रक’. ‘मुलं’वाल्या वाक्यावर 11 जणांतल्या 9 जणांनी ‘आली’ लिहिलं. ‘दादा छत्री विसर___’ वर चौघांनी ‘विसरली’ लिहिलं, म्हणजे शेजारच्या शब्दाकडे बघायची सवय अजून आहे, आणि त्यात हिंदीकडचीच जास्त. कारण पण कळलं: ‘माझा’ लावा म्हटल्यावर त्यांनी तो रिकाम्या जागेजवळच्या नामाला लावला, माझी छत्री. कुणाला लावायचा ते मी सांगितलंच नव्हतं. ‘आधी विचारा कोण विसरलं, मग त्याला माझा लावा’ असं म्हणायला पाहिजे होतं. फळ्यावर लिहून ठेवलं.

त्रिशूरच्या मुलीची 24 मधली 13 बरोबर. आधी नुसत्या ‘आला’वर जेवढी येतात तेवढीच यायची. तिची चुकलेली बहुतेक अनेकवचनात आहेत, एकवचनात लिंग धरायला लागलीय. तिला आता ‘आली’ आणि ‘आल्या’ समोरासमोर ठेवून जोड्यांनी द्यायची: माझी बहीण आली, माझ्या बहिणी आल्या, माझी चावी हरवली, माझ्या चाव्या हरवल्या.

23 मे

‘विसर___’ची सहा नवीन वाक्यं केली, प्रत्येकात कर्ता आणि वस्तू वेगळ्या लिंगाची: आजी चष्मा विसरली, मामा पिशवी विसरला, पोरं डबे विसरली, बहिणी रुमाल विसरल्या, बाबा चावी विसरले, लेकरू चप्पल विसरलं. सहा खण, सहा वाक्यं. सोमवारी हीच आधी घ्यायची, मग ‘ने’ची शीट उघडायची, कारण तिथं पोरांना उलटं वळायचंय, विसरणाऱ्याकडून वस्तूकडे. झेरॉक्स 15 काढल्या, शेजारच्या मुली धरून.